मानपत्रातील ‘आपण’

आंधळगावच्या विणकर संस्थेचे अध्यक्ष गोपाळराव सन १९७८ च्या दिवाळीनंतर निवृत्त होणार होते. त्यांना द्यावयाचे मानपत्र लिहिण्याचे काम मी स्वतः मागून घेतले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु मागावर मला त्यांनीच बसविले होते. मसुदा मुख्याध्यापक पुंडलिकरावांना पसंत न पडल्यास मानपत्र तेच लिहितील, असे मात्र संचालकांनी बजावले.

पुंडलिकरावांनी मसुदा शाळेच्या ओट्यावर मोठ्याने वाचला. “आपण संस्था स्थापन केलीत. आपण माग आणलेत. आपण सूत मिळविलेत. आपण विणकरांना काम दिलेत.” मग चष्मा काढून म्हणाले, “खेमराज, हे मानपत्र होय का हजेरीपट? दर ओळीले ‘आपण’ हजर! उद्या सुधारून आण, नाही त मी लिहितो.”

घरी येऊन मी प्रत्येक ‘आपण’ उचलून वाक्याच्या शेवटी ठेवला आणि पत्नी धुरपताला ऐकविले. “स्थापिलीत संस्था आपण! आणलेत माग आपण!”

सुताच्या कांड्या भरता भरता ती हसू लागली. “कोनता शाहीर आला जी घरात? डफ आणू काय?”

“हसतेस काय? गोपाळरावांनी केलं काय काय, ते तूच सांग मंग!”

“त्यात सांगाचं काय हाय? सूत भेटत नोहतं, तवा नागपूरले जाऊन आणलं. मोटार चुकली, त मोहाडीपासून गाठोडं डोक्यावर घेऊन पायी आले. पह्यले मालनबाईले देल्लं, तिचा नवरा बिमार होता म्हनून.”

एवढे सांगताना तिने गोपाळरावांचे नाव एकदाही घेतले नव्हते. कधी अडचणीपासून, कधी मोटारीपासून, कधी ज्याला सूत मिळाले त्याच्यापासून ती बोलू लागली होती. क्रियापद आपल्या जागी, शेवटीच होते. तरी काम कोणाचे, हे कळत होते. मी नवा कागद घेतला.

दुसऱ्या दिवशी पुंडलिकरावांनी वाचले: “सूत मिळेनासे झाले, तेव्हा नागपूरला जाऊन ते आणलेत. परतताना मोटार चुकली, तर मोहाडीपासून गाठोडे डोक्यावर घेऊन पायी आलात. पहिला वाटा मालनबाईंच्या घरी पोचविलात, कारण त्यांचे यजमान अंथरुणाला खिळले होते. हळूहळू सर्वांचे माग चालू झाले. आपण मात्र स्वतःचा माग सर्वांत शेवटी चालू केलात.”

त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. “हा एक ‘आपण’ काहून ठेवला?”

“गुरुजी, तेथी बाकीचे एकीकडं अन् गोपाळराव एकीकडं. त्यायले दाखवाच लागते.”

पुंडलिकरावांनी ती ओळ मनातल्या मनात पुन्हा वाचली. मग कागदाची घडी घालून माझ्या हाती दिली.

“छापखान्यात धाड,” ते म्हणाले, “अन् सभेत वाचजो बी तूच.”