बिनपगारी साहेब

नव्या जागेच्या फरशीवर खडूने टेबलं आखलेली होती. बाबांनीच आखली होती, जाण्याच्या महिनाभर आधी. दोन कारागिरांची कामाची टेबलं, भिंतीला लागून कपाट, दारापाशी फोनचं टेबल, गिऱ्हाइकांचा बाक, आणि कोपऱ्यात काचेच्या केबिनचा चौकोन. त्या चौकोनात खिडकीकडे तोंड करून खुर्चीचा एक गोल.

ती त्या गोलाच्या कडेला उभी राहिली. पाय आत टाकवेना.

"बाई, काचेचं माप घेऊ ना?" सुताराने टेप ओढत विचारलं. "तुमच्या बाबांनी काच पारदर्शक सांगितली होती. म्हणाले, मला सगळे दिसले पाहिजेत."

"आणि सगळ्यांना ते," मामा म्हणाला.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ आणि वजनकाटे दुरुस्त करून तपासून देणाऱ्या त्यांच्या छोट्या कंपनीचा हिशेबनीस. आयुष्यभर दुसऱ्याच्या पैशाची काळजी केल्यामुळे त्याच्या कपाळावर कायमची आठी बसली होती. मुख्य ऑफिस ती स्वतः सांभाळायची. ही दुसरी शाखा मात्र सर्वस्वी बाबांची. जागा त्यांनी शोधली, मालकीणबाईंशी बोलणी त्यांनी केली, पहिल्या वर्षाचं बजेटही त्यांनीच मांडलं. करारावर सही तेवढी राहिली, आणि ते गेले.

"शुक्रवारपर्यंत सहा महिन्यांचं डिपॉझिट द्यायचंय," मामा म्हणाला. "नाहीतर जागा औषधवाल्याला जाईल. काय ते तू ठरव."

"बजेट बसतंय ना?"

"बसतंय की! बाराव्या महिन्यात शाखा स्वतःच्या पायावर. बाबांनी बसवलंय म्हटल्यावर बसणारच." मामा जरा घुटमळला. "फक्त इथं ते स्वतः बसणार होते. आता तू बसशील, असंच सगळ्यांनी धरलंय."

तिनेही तेच धरलं होतं. गेल्या दीड महिन्यात ही एकच गोष्ट तिला धरून ठेवायला मिळाली होती. बाबांची शाखा उघडायची आणि त्यांच्या खुर्चीत आपण बसायचं. त्यात अवघड काय?

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर तिने बजेट पसरलं. मामाही बरोबर आला होता. आई समोर भाजी निवडत बसली होती. कंपनीत आईची अर्धी भागीदारी होती. करारावर तिचीही सही लागायची, पण आजवर ती न वाचताच सही करत आली होती. 'वाचून काय, माणूस वाचलाय मी,' असं म्हणायची.

बजेट नीटनेटकं होतं. डिपॉझिट खर्चात धरलेलं नव्हतं, ते बरोबरच होतं. तो पैसा अडकतो, पण जागा सोडताना परत येतो. आतलं काम आणि फर्निचर पाच वर्षांवर वाटलेलं. भाडं, वीज, दोन कारागीर, दारापाशी फोन घेणारी एक मुलगी, हे सगळं पहिल्याच महिन्यापासून. आणि सगळ्यात वर शाखाप्रमुख: पगार शून्य.

त्या शून्यावर तिने बोट ठेवलं.

"मामा, इथं शून्य आहे."

"मग? स्वतःला कोण पगार देतं?"

"समजा मी तिथं बसले, तर मुख्य ऑफिसला माझ्या जागी कोण?"

"कुणीतरी ठेवू."

"फुकट?"

मामाने चष्मा काढून पुसला. हिशेब अडला की त्याची काच हटकून मळायची.

"म्हणजे एक पगार कुठेतरी द्यावाच लागणार," ती म्हणाली. "इथं नाही तर तिथं. तो लिही. महिना साठ हजार. पहिले दोन महिने आतल्या कामाचे सोडून, शाखा उघडल्यापासून दहा महिने."

"सहा लाख! अगं, पहिल्याच वर्षी एवढा तोटा दाखवायचा?"

"तोटा पहिल्यापासूनच आहे, मामा. बाबा तो स्वतःच्या अंगावर घेत होते, म्हणून कागदावर दिसत नव्हता."

बोलून गेल्यावर तिलाच कसंतरी झालं. गेलेल्या माणसाच्या हिशेबात चूक काढणं म्हणजे त्याच्या ताटातलं उचलण्यासारखंच. तिने आईकडे पाहिलं.

आईचे हात थांबले होते.

"पहिलं ऑफिस काढलं तेव्हाही असाच शून्य होता," आई म्हणाली. "वर्षभर म्हणाले होते. चार वर्षं चालला. मी सकाळ-संध्याकाळ शिकवण्या घेतल्या. लोक म्हणायचे, काय हिंमत आहे यांच्या अंगात! होतीच. माझ्या शिकवण्यांवर जेवत होती."

मामा हसला.

"तू कधी बोलली नाहीस," ती म्हणाली.

"कुणी विचारलं नाही. आणि मला त्यांचा रागही नव्हता गं. त्यांना ते काम फार आवडायचं." आईने भाजीचं ताट बाजूला सारलं. "पण दुसऱ्यांदा मी सही करणार नाही. त्या जागी आकडा लिहिलास तर करीन. माझी मुलगी कुणाच्या शून्यात बसायची नाही. त्यांच्यासुद्धा."

मग तिघं कामाला लागली. ती मुख्य ऑफिसलाच राहणार, शाखेवर पगारी माणूस. केबिन काढून टाकली. शाखाप्रमुख कारागिरांच्या शेजारी बसेल. दुसरा कारागीर पाचव्या महिन्यापासून, काम वाढल्यावर. फोन घेणारी मुलगी त्याच्याही नंतर. तोवर फोन शाखाप्रमुखच उचलेल. असं करत तोटा बराच खाली आला, तरी भरून निघाला नाही. शाखा स्वतःच्या पायावर उभी राहण्याचा महिना बाराव्यावरून पुढच्या वर्षाच्या मध्यावर गेला.

"तेवढं मुख्य ऑफिसला झेपेल?" तिने विचारलं.

मामाने आकडेमोड केली, पुन्हा केली. "झेपेल. पण फार ताणू नकोस. आतलं काम चालू असताना दोन महिने भाडं सुटलं, तर मला झोप लागेल."

मालकीणबाई नव्या जागेच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायच्या. दार उघडताच त्यांनी तिला निरखून पाहिलं.

"डोळे अगदी बाबांचे आहेत. बस. पण तुझे बाबा पहिल्या दिवसापासून भाडं द्यायला तयार होते हो. एका शब्दाने घासाघीस केली नाही."

"माहीतंय. त्यांना घासाघीस जमायची नाही. मला जमते का ते बघायला आलेय."

मालकीणबाईंना हसू आलं. बराच वेळ बोलणं चाललं. शेवटी दोन महिने भाडं माफ झालं. डिपॉझिट मात्र एक पैशानेही कमी होणार नव्हतं, आणि जागा आधी ठरलेल्या दीड वर्षाऐवजी दोन वर्षं सोडता येणार नव्हती. दोन वर्षं हा शब्द तिला जड गेला. शाखा चालली नाही तरी भाडं भरायचं, असा त्याचा अर्थ. तिने तो अर्थ नीट समजून घेतला आणि हो म्हटलं.

शुक्रवारी डिपॉझिट भरलं. आईने करार पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, एका ठिकाणी पिनकोड चुकलेला दाखवला आणि मग सही केली. शाखाप्रमुख म्हणून मुख्य ऑफिसातल्याच एका तपासनीस बाईंना विचारलं होतं. त्यांनी पहिला प्रश्न पगाराचा केला आणि आकडा ऐकून "थोडा वाढवा" म्हणाल्या. तिला त्याचं फार बरं वाटलं. थोडा वाढवलाही.

दुपारी ती जागेवर गेली, तेव्हा सुतार नवी आखणी करत होता. केबिनच्या चौकोनावर त्याने ओलं फडकं धरलं होतं.

"पुसू ना, बाई?"

"चौकोन पुसा."

त्याने चारी बाजू पुसल्या. मधला खुर्चीचा गोल तेवढा उरला. सुतार तिच्याकडे बघत थांबला.

ती पुढे झाली आणि त्या गोलात उभी राहिली. खिडकीतून समोरचा रस्ता दिसत होता. एक बाई सायकल हातात धरून चालली होती, एक टेम्पो मागे येत होता. बाबांना दिवसभर हे बघत बसायचं होतं तर.

थोड्या वेळाने ती बाजूला झाली.

"आता हाही पुसा," ती म्हणाली. "आणि गिऱ्हाइकांचा बाक इथं आणा. थांबणाऱ्या माणसाला बाहेरचं दिसलेलं बरं असतं."