वाटणीत न बसलेली साखळी

धाकटीच्या लेकीचं लग्न झालं, त्या साली आम्ही आईचं सोनं वाटलं. आई त्याच्या आदल्या थंडीत गेली होती. लग्नाच्या गडबडीत विषय कुणी काढला नाही. पाहुणे पांगल्यावर मधल्याने काढला.

"आक्का, एकदाचं होऊन जाऊ दे. मनात ठेवलं की कुजत जातं."

आम्ही तिघं भावंडं. थोरली मी. माझा नवरा लवकर गेला, तेव्हापासून मी आईजवळच राहिले, म्हणून दागिन्यांच्या डब्याची किल्ली माझ्या कमरेला. मधल्याचं सायकलींचं दुकान. धाकटी दवाखान्यात नर्स. आईने आयुष्यभर घरात पाळणाघर चालवलं. कारखान्यात जाणाऱ्या बायका सकाळी पोरं सोडून जायच्या, संध्याकाळी न्यायच्या. त्यातूनच तिने एकेक दागिना केला.

माझ्या मावशीच्या घरी एका पितळेच्या घागरीवरून दोन सख्खे भाऊ बोलायचे थांबले, ते कायमचेच. मला तेवढं नको होतं. वाटणीच्या कागदावर सह्या झाल्यावर दोघांनी माझ्या हातचा चहा पिऊन जावं, एवढंच माझं मागणं होतं.

सराफाच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही बसलो. शेजारचे पोस्टमास्तर साक्षीदार म्हणून आले होते. त्यांचं अक्षर चांगलं, लिहायचं कामही त्यांच्याकडेच. मी डबा उघडला आणि एकेक वस्तू सराफापुढे ठेवली. तो आधी वस्तू आहे तशी तोलायचा, मग मणी, खडे, लाख यांचं वजन वजा करायचा, मग यंत्राखाली धरून सोनं किती कसाचं ते बघायचा. मास्तर तिन्ही आकडे वेगवेगळ्या रकान्यांत लिहीत होते.

"हारात लाख भरलीय, तिचे पैसे कुणी देत नाही," सराफ म्हणाला. "भाव आजचा, सगळ्या वस्तूंना एकच. आणि मजुरी धरायची नाही, ती आईनं तेव्हाच दिलीय."

"हार एवढा जाड दिसायचा," धाकटी म्हणाली. "मला वाटायचं, सगळ्यात जास्त यातच आहे."

"तू सगळं दिसण्यावरच घेतेस," मधला म्हणाला. "नवराही तसाच घेतलास."

"दादा, तुझ्या बायकोला सांगू का हे?"

हसणं झालं. मला जरा हलकं वाटलं. डबा रिकामा झाला असं वाटून मी तळाचा कागद उचलला, तर खाली मऊ फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं. सोडलं तर सोन्याची साखळी, पुढे इवलंसं पदक.

मी ती कधी पाहिली नव्हती.

"आक्का, ही कुठली?" मधल्याने विचारलं.

"मला काय माहीत?"

"किल्ली तुझ्याकडे आणि तुला माहीत नाही?"

"किल्ली होती. कागदाखाली बघायची बुद्धी नव्हती."

त्याने धाकटीकडे पाहिलं. "आईने तुझ्यासाठी केली असेल. गुपचूप."

"माझ्यासाठी? मला तर वाटतंय वहिनीसाठी केली असेल. लाडकी सून ना ती."

"ती लाडकी? तिच्या चहाला आईनं कधी बरं म्हटलं नाही."

आता ते हसत नव्हते. सोनं कमी भरलं तर भांडण होतं हे ऐकलं होतं. जास्त भरल्यावर काय करायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं.

सराफाने साखळी तोलली, भिंगातून पाहिली. "सोनं खरं आहे, पण कस बाकीच्यांपेक्षा वेगळा. तुमच्या आईनं सगळं माझ्या वडिलांकडून केलं, ही आमच्याकडची नाही. आणि एक बघा." त्याने ती कडी लावून टेबलावर ठेवली. धाकटीने उचलून गळ्याशी धरली. पुढून मानेच्या निम्म्यापर्यंतही पोचेना.

"ही लहान पोराची आहे," ती म्हणाली.

"आपल्यापैकी कुणाची?" मधला.

"आपल्या गळ्यात काळा दोरासुद्धा नव्हता. चपला एकमेकांच्या घालून वाढलो आपण."

"मग पाळणाघरातल्या कुणाची तरी," मी म्हणाले. अंघोळ घालताना आई पोरांच्या गळ्यातलं, कानातलं काढून वाटीत ठेवायची, हे मला आठवलं. पण संध्याकाळी आठवणीने परत घालायची, हेही आठवलं. मग ही राहिली कशी? कुणी वेळेला पैसे नव्हते म्हणून ठेवली? कुणी गाव सोडताना सांभाळायला दिली? की कुणा बाईने खुशीने आईलाच दिली? एकेक गोष्ट खरी वाटायची आणि दुसरी सुचली की पहिली पुसली जायची.

मधला म्हणाला, "आईच्या डब्यात आहे म्हणजे आईची. चौथं काही नाही, तीन वाटे करा."

"आणि उद्या कुणी आलं तर?" धाकटीने विचारलं.

"इतक्या वर्षांत आलं का?"

"दादा, त्या पोराला ठाऊक तरी असेल का, की त्याची साखळी आहे?"

मधला खुर्चीवरून उठला, मला वाटलं आता निघाला. दारापर्यंत गेला, रस्त्याकडे बघत उभा राहिला. मग तिथूनच म्हणाला, "आईनं पोराच्या गळ्यातली ठेवून घेतली, असं कुणी म्हणायला नको. मला पण म्हणायची वेळ यायला नको. मास्तर, कागदावर काय लिहिता येईल?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "वाटणीत धरू नका. वेगळं कलम घाला. ही वस्तू आईकडे सापडली, मालक माहीत नाही, तिघांच्या वतीने एकाकडे ठेव म्हणून. वजन, कस, पदकाची नक्षी लिहू. बाहेर मात्र ही खूण सांगायची नाही. मालक येऊन ती खूण सांगेल, तर तिघांच्या सहीने परत. पाच वर्षांत कुणी आलं नाही, तर पुढचं तिघांनी बसून ठरवायचं."

"ठेवायची कुणाकडे?" धाकटीने विचारलं.

"जिच्याकडे किल्ली आहे तिच्याकडे," मधला म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता.

घरी येऊन भांडी, कपाट, पलंग, शिवणयंत्र यांची जुन्या बाजारातली किंमत बाहेरच्या माणसाकडून लावून घेतली. मला कपाट आणि यंत्र हवं होतं, म्हणून सोन्यातला हलका वाटा मी घेतला. तरी धाकटीकडे थोडं जास्त जात होतं, ती रक्कम तिने आम्हा दोघांना रोख दिली आणि तसंही लिहून घेतलं. कागदाच्या तीन प्रती झाल्या. प्रत्येक पानावर तिघांच्या सह्या, शेवटी मास्तरांची आणि सराफाची साक्ष. मी पन्नाशीच्या जवळ येऊन अक्षरं शिकले होते, त्यामुळे माझी सही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात हळू झाली.

"आक्का, पान संपेल," मधला म्हणाला.

चहा दोघांनीही घेतला. मधल्याने दोनदा घेतला.

साखळी सापडल्याचं गावात कळलं, तसे पुढे तीन जण विचारत आले. पदकावर काय आहे विचारलं की एकाने सूर्य सांगितला, एकीने फूल, तिसऱ्याने म्हटलं पदक नव्हतंच. तिघांनाही मी पाणी देऊन पाठवलं. रात्री मात्र विचार यायचा की त्यांच्यापैकी एखाद्याची असली, आणि तोच विसरला असेल, तर?

पाच वर्षं भरली तेव्हा ठरवायला आम्ही तिघं उरलोच नव्हतो, मधला गेला होता. मधल्याच्या बायकोने त्याच्या जागी सही करायला नकार दिला. म्हणाली, "मालक कळल्याशिवाय माझ्या हातून नको." धाकटी म्हणाली, "राहू दे आक्का, तुझ्याकडेच." साखळी आहे तिथेच आहे, कागदाखाली, फडक्यात.

मधला वारला तो धाकटीच्या लेकीला पहिला मुलगा झाला त्या साली, उन्हाळ्याच्या शेवटी, दुकानात बसल्या जागी. धाकटी त्यानंतर चार वर्षांनी, थंडीत, आईच्याच महिन्यात गेली.