मुकादमबाईंचा हयातीचा दाखला

औषधाच्या दुकानात कार्ड दोनदा फिरवूनही पैसे निघेनात, तेव्हा मुकादमबाईंना वाटलं, मशीन बिघडलं असेल. दुकानदार म्हणाला, "मशीन चांगलंय मावशी. खात्यात शिल्लक नाही."

"असं कसं होईल? काल महिनाअखेर होती. माझी पेन्शन जमा होते ना!"

दुकानदाराने खांदे उडवले आणि डोळ्यांच्या थेंबांची बाटली परत फडताळात ठेवली. ते थेंब बाईंच्या नणंदेचे. दोघी विधवा, दोघी साठीच्या पुढच्या, एका खोलीत राहणाऱ्या. नणंदेला काचबिंदू होता, आणि थेंब एक दिवसही चुकवायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाईंनी पदराच्या गाठीतले सुटे पैसे मोजून ती बाटली कशीबशी घेतली आणि घरी न जाता तडक बँकेची वाट धरली.

मुकादमबाई सरकारी इस्पितळाच्या धुलाईखान्यातून निवृत्त झाल्या होत्या. एकतीस वर्षं रक्ताने माखलेल्या चादरी त्यांनी उकळत्या पाण्यात आणि ब्लीचिंगच्या द्रावणात घातल्या, शेवटची बारा वर्षं मुकादम म्हणून चौदा जणींवर नजर ठेवली. नोकरी सुटली तरी नाव चिकटून राहिलं. आवाजही तोच राहिला होता, भट्टीच्या घरघरीच्या वर चढणारा.

बँकेत पेन्शनच्या खिडकीशी बसलेल्या कारकुनाने त्यांचा नंबर टाकला आणि मान वर न करताच सांगितलं, "हयातीचा दाखला आलेला नाही. म्हणून थांबलंय."

"आला नाही म्हणजे? मी दिलाय. ठरलेल्या महिन्यात, पहिल्याच आठवड्यात." बाईंनी पिशवीतून घडी घातलेली पोच काढली. "कोपऱ्यावरच्या सेवा केंद्रात अंगठा दिला. अकराव्या वेळी लागला. ही बघा."

कारकुनाने पोच उलटसुलट केली. "ही नुसती तुम्ही अंगठा दिल्याची पोच आहे. दाखला मंजूर झाला की नाही ते वेगळं. तुमचा नामंजूर झालाय."

"का?"

"पेन्शन आदेशाचा क्रमांक चुकलाय. केंद्रवाल्याने शेवटचे दोन आकडे उलटे टाकलेत. सव्वीसच्या जागी बासष्ट. त्यामुळे दाखला तुमच्या पेन्शनला लागलाच नाही."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"मेसेज गेलाय की." त्याने पडद्यावर बोट टेकवलं आणि एक मोबाइल नंबर वाचून दाखवला.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो नंबर त्यांच्या नवऱ्याचा होता. माणूस तीन वर्षांपूर्वी गेला, त्याचं सिमकार्ड बंद झालं, कदाचित आता कुणा परक्याच्या खिशात असेल.

"म्हणजे मी जिवंत नाही हे तुम्ही माझ्या मेलेल्या नवऱ्याला कळवलंत," त्या म्हणाल्या. रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. बाई हसल्या नाहीत.

कारकुनालाही हसू आलं नाही. त्याच्यामागे फायलींचा ढीग होता आणि पुढे बारा माणसं. "आजी, नंबर बदलायला वेगळा अर्ज द्यावा लागतो, तो तुम्ही दिलेला नाही. आता दाखला नव्याने करू. बोट ठेवा."

काचेवर लाल उजेड पडला. उजवा अंगठा: नाही. डावा: नाही. मग तर्जनी, मधलं बोट, पुन्हा अंगठा. दर वेळी यंत्र तेच म्हणे, जुळत नाही. कारकुनाने फडक्याने काच पुसली. बाईंनी पदराने बोटं पुसली. त्यांनी स्वतःची बोटं उजेडात धरून पाहिली. ती गुळगुळीत होती, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखी. रेघाच उरल्या नव्हत्या.

"घरी जाऊन क्रीम लावा, आठ दिवसांनी या. नाहीतर कुणाच्या स्मार्टफोनवर चेहऱ्याने होतं, ते करून बघा," कारकून म्हणाला आणि मागच्या माणसाला हाक मारली.

"क्रीम लावून एकतीस वर्षांच्या रेघा परत येतील होय?"

"आजी, मागे लोक उभे आहेत."

लोक उभे होते हे खरं होतं, म्हणून बाई बाजूला झाल्या. भिंतीकडेच्या बाकावर बसल्या. अपमान गिळायची सवय त्यांना नव्हती. घरी नणंद वाट बघत असेल. तिला काय सांगायचं? वन्सं, मी आहे की नाही ते आठ दिवसांनी ठरणार आहे?

तेवढ्यात दारात गडबड झाली. एका म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचलून सात पायऱ्या चढवत होते. एका बाजूने गाडीचा चालक, दुसऱ्या बाजूने चाळिशीची एक बाई. ती त्यांची मुलगी. म्हातारे एके काळी पोस्टमन होते, ते तिच्या बोलण्यातून कळलं. हात आणि मान सतत थरथरत होती, नजर मात्र ताठ.

"चेहऱ्याने केलं घरी," मुलगी खिडकीशी सांगत होती, "पण मान स्थिर राहत नाही, फोन म्हणतो चौकटीत या. बोटंही काचेवर टिकत नाहीत. दोन महिने पेन्शन नाही. मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात, माणसालाच घेऊन या. आणलं."

कारकुनाने पोस्टमनचा थरथरता हात धरून काचेवर दाबला. एकदा, दोनदा. बोट घसरलं. "नाही होत. पुढच्या आठवड्यात..."

"पुन्हा आणू? या पायऱ्यांवरून?" मुलीचा आवाज चढला. "त्यांना ताप येतो हो, अशा दगदगीने."

पोस्टमन काहीतरी पुटपुटले. मुलीने कान जवळ नेला आणि मग मान खाली घातली. "म्हणतायत, राहू दे, नको पेन्शन."

मुकादमबाई उठल्या. नुसतं आपलंच काम असतं तर त्या कदाचित आठ दिवसांनी आल्याही असत्या. पण ज्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या दारात मनीऑर्डरी पोचवल्या, त्याने स्वतःच्या पैशाला राहू दे म्हणावं, हे त्यांच्याने ऐकवेना.

त्या खिडकीशी गेल्या. "साहेब, यंत्र यायच्या आधी हयातीचा दाखला कसा देत होते?"

"कागदावर. ते आता बंद झालंय."

"बंद झाल्याचा हुकूम आहे?"

"आजी, सगळं ऑनलाइन झालंय."

"मी ते नाही विचारलं. कागद घ्यायचा नाही असा हुकूम आहे का?" धुलाईखान्यात एक चादर कमी भरली की ज्या आवाजात त्या हिशेब मागत, तो आवाज बाहेर आला होता. "असेल तर मला लिहून द्या. अमुक तारखेला, पेन्शनर स्वतः समोर बसलेला असताना, मूळ ओळखपत्र हातात असताना, कागदावरचा दाखला नाकारला. खाली तुमची सही आणि बँकेचा शिक्का. यांनाही द्या, मलाही द्या. मी तेवढं घेऊन जाते."

कारकुनाने पेन उचललं आणि परत ठेवलं. "असं लिहून नाही देता येत."

"तोंडी नाकारता येतं, लिहून नाकारता येत नाही?"

तो उठून आतल्या खोलीत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्याबरोबर शाखेच्या मॅनेजरबाई होत्या, चष्मा कपाळावर, हातात अर्धवट राहिलेला चहा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पोस्टमनकडे पाहिलं आणि कप टेबलावर ठेवला.

"कागद बंद नाही," त्या कारकुनाला म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण त्याचे कान लाल झाले. "बोट जुळत नसेल तर छापील फॉर्म घ्यायचा. पेन्शनरला प्रत्यक्ष पाहायचं, ओळखपत्र आणि पेन्शन आदेश तपासायचा, आणि अधिकाऱ्याने सही करायची. फॉर्म कुठे आहेत?"

फॉर्म खालच्या खणात होते. पुरा गठ्ठा. वरच्या कागदावर धूळ बसली होती.

ती धूळ पाहून बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. या गठ्ठ्यापासून हातभर अंतरावर तो बसला होता, आणि महिनोन्महिने माणसांना क्रीम लावायला पाठवत होता. मॅनेजरबाईंकडे वळून त्या म्हणाल्या, "तुम्ही आज बाहेर आलात म्हणून. आला नसतात तर?"

मॅनेजरबाईंनी गठ्ठ्यातले दोन फॉर्म काढले. त्यांनी पोस्टमनपाशी खाली बसून नाव विचारलं, ओळखपत्रावरचा फोटो चेहऱ्याशी ताडून पाहिला. पोस्टमनची सही कागदभर पसरली, म्हणून शेजारी अंगठ्याचा ठसाही घेतला आणि साक्षीदार म्हणून मुलीची सही. मग त्या मुलीला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी यांना आणू नका. अंथरुणाला खिळलेल्या किंवा येऊ न शकणाऱ्या माणसाकडे बँकेचा माणूस घरी येतो. आधी तसा अर्ज द्या."

"हे मला दोन महिन्यांत कुणी सांगितलं नाही," मुलगी म्हणाली. मुकादमबाईंनी पिशवीतून वही काढून तिचा फोन नंबर उतरवून घेतला.

मग मुकादमबाईंचा फॉर्म भरला. पेन्शन आदेशाचा क्रमांक त्यांनी स्वतः मोठ्याने एकेक आकडा उच्चारून लिहायला लावला, आणि लिहून झाल्यावर पुन्हा वाचून घेतला. मोबाइल नंबर बदलण्याचा अर्ज त्यासोबत दिला. दोन्हींच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय त्या खिडकीवरून हलल्या नाहीत.

"आता पोच मिळाली म्हणून गप्प बसू नका," मॅनेजरबाई म्हणाल्या. "चार दिवसांनी फोन करून विचारा, दाखला नोंदला गेला का. नोंदला की थांबलेली रक्कम पुढच्या पेन्शनबरोबर मिळेल. काही बुडत नाही."

"बुडत नाही," बाई म्हणाल्या, "पण महिनाभर काय खायचं, ते कुठल्या फॉर्मात लिहायचं?"

चौथ्या दिवशी त्यांनी फोन केला. दाखला नोंदला होता. पोस्टमनचाही, कारण त्यांनी त्याचीही चौकशी केली. मधल्या दिवसांत वाण्याची उधारी चालू राहिली, नणंदेच्या थेंबांसाठी शेजारणीकडे हात पसरावा लागला, आणि पुढच्या महिनाअखेरीला नव्या मोबाइलवर मेसेज आला: दोन महिन्यांची पेन्शन एकत्र.

नणंद म्हणाली, "चला वहिनी, सुटलो एकदाचे."

पण बाई सुटल्या नव्हत्या. त्यांनी पेन्शन कार्यालयाला पत्र लिहिलं: खिडकीवर कागदाचा दाखला नाकारतात, घरी यायची सोय सांगत नाहीत, दाखला नामंजूर झाला तर पत्र पाठवत नाहीत. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. त्यात एकच वाक्य होतं. पेन्शन जमा झाली असल्याने आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

बाईंनी ते नणंदेला वाचून दाखवलं. एकदा वाचलं, मग पुन्हा.

"माझी पेन्शन आली का, असं मी विचारलंच नव्हतं," त्या म्हणाल्या.

"मग आता?"

"मग काय? वन्सं, त्या पोस्टमनच्या मुलीचा नंबर माझ्या वहीत आहे, तो सांगा बघू. नाही, थांबा, तुम्हाला दिसायचा नाही. मीच बघते." त्यांनी चष्मा लावला, कोरा कागद पुढे ओढला आणि वर तारीख घातली. "या खेपेला खाली तिची आणि माझी, दोघींची सही करू."