सातची आठवण

कचेरीत शिपाई आठवण करून द्यायचा. निवृत्तीनंतर माधवरावांनी ते काम फोनला दिलं. "रोज सकाळी सात वाजता आठवण कर, भैरवीला दूध तापवायला सांगायचं," असं त्यांनी त्याला साहेबी आवाजात बजावलं होतं. सातला फोन किणकिणला की ते पडदा वाचून ओरडत, "दूध तापवा." दूध तोवर तापून गारही झालेलं असे. या माणसानं आयुष्यभर नुसती साहेबकी केली, असं त्यांच्या बायकोला, भैरवीबाईंना वाटे.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहा वाजता फोन वाजला. माधवरावांनी न वाचताच पडद्यावरची आठवण बोटानं सारली, पण मागं उभ्या बाईंनी ती वाचली होती: भैरवीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं.

"काय होतं ओ?"

"काय न्हाय. दर महिन्याला वाजतंय ते."

बाईंनी फोन हातातून घेऊन माईक दाबला. चाळीस वर्षांत उखाण्याबाहेर त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं.

"रोज सकाळी सात वाजता आठवण कर, माधवनं दूध तापवायचं."

फोननं मुकाट्यानं नोंद घेतली. बाई रिक्षा करून एकट्याच डॉक्टरकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी सातला फोन किणकिणला. माधवरावांनी पडदा मनातल्या मनात वाचला.

"वाचा की मोठ्यानं," बाई पांघरुणातूनच म्हणाल्या.