आप्पांचं नॉर्मल रक्त

निपाणीच्या बसस्टँडामागच्या बोळात सुनयनाची लॅब होती, आणि लॅबमध्ये रक्तातल्या पेशी मोजणारं एक मशीन होतं. बारा वर्षांचं. मशीन म्हटलं की त्याचं रोजचं तपासणं आलं. त्यासाठी कंपनीकडून एक बाटली येते, तिला कंट्रोल म्हणतात. बाटलीत किती पेशी आहेत ते तिच्या कागदावर छापलेलं असतं. मशीननं तेवढाच आकडा दाखवला तर मशीन शहाणं, नाहीतर त्याचं काहीतरी बिनसलं, असा सरळ हिशोब.

एका उन्हाळ्यात ही बाटली वाटेतच तापली आणि खराब झाली. दुसरी यायला वेळ लागणार होता. तेव्हा सुनयनानं जे केलं ते तिला फार हुशारीचं वाटलं होतं. तिचे वडील, आण्णाप्पा, सगळ्यांचे आप्पा, चौसष्ट वर्षांचे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत हयात घालवलेली, पण सर्दीखोकल्याचीही तक्रार नाही. त्यांच्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या त्या बारीक पेशी, वर्षानुवर्षं दोन लाख नव्वद हजारांच्या आसपास. दीड ते साडेचार लाख म्हणजे ठीक, त्यात हा आकडा अगदी मधोमध. मग बाटली कशाला हवी? घरात चालतीबोलती बाटली होती.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या सोमवारी आप्पा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून लॅबमध्ये यायचे आणि दंड पुढं करायचे. मशीन त्यांच्यावरनं लावून घेतलं जायचं. या कामाचा त्यांना भारी अभिमान होता. "निपाणीचं समदं रक्त माझ्यावरनं मोजत्यात," असं ते चहाच्या गाड्यावर सांगायचे, आणि ते खरंही होतं, हीच तर पुढची सगळी भानगड.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मशीननं आप्पांच्या प्लेटलेट सव्वातीन लाख दाखवल्या. सुनयना मशीनवर चिडली. मशीनमध्ये आकडा वरखाली करायची सोय असते. तिनं तो खाली ओढला, आप्पा पुन्हा दोन-नव्वदवर आले. पुढच्या महिन्यात मशीन पुन्हा चढलं. तिनं पुन्हा ओढलं. असं दर महिन्याला थोडं थोडं. मशीन म्हातारं झालंय, असं ती म्हणायची. बापाच्या रक्तात काही बदल होऊ शकतो हे तिच्या डोक्यात एकदाही आलं नाही. डिप्लोमात पहिल्या नंबरानं पास झालेली मुलगी ती. पण आपला बाप म्हणजे प्रमाण, हे तिला कुठल्या कॉलेजानं शिकवलं नव्हतं आणि कुठलं कॉलेज ते विसरायला लावूही शकलं नसतं.

पुढच्या वर्षीचा पावसाळा सरता सरता डेंग्यू आला. गावातले डॉक्टर शरद यांचा एका दुपारी फोन आला. हा माणूस कधी आवाज चढवत नाही, त्या दिवशीही चढवला नाही.

"सुनयनाताई, तुमच्या रिपोर्टवरनं मी चार पेशंट बेळगावला पाठवले. पंच्याहत्तर हजार, सत्तर हजार असे रिपोर्ट. तिथं मोजलं तर सगळ्यांच्या दीड लाखाच्या आसपास. एकजण म्हणे गाडीत बसूनच बरा झाला. चारही जण असे कसे बरे होतील?"

सुनयनानं त्या दिवशी कोल्हापूरहून नवी कंट्रोलची बाटली मागवली. ती आल्यावर उघडून मशीनला लावली. प्लेटलेटचा आकडा कागदावर होता त्याच्या बरोबर निम्मा आला. तिनं सहा वेळा लावलं. सहाही वेळा निम्मा. तिनं आकड्याची ओढाताण काढून टाकली, मशीन बाटलीबरोबर बसवलं, आणि मग एक गोष्ट तिच्या लक्षात आली. मशीन आता बरोबर होतं. मग मागच्या सोमवारी त्या निम्म्या आकड्यावर नॉर्मल दिसलेलं आप्पांचं रक्त?

तिनं आप्पांना बोलावून घेतलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. सोमवार नव्हता तरी. पाच लाख ऐंशी हजार. तिनं रक्ताचा थेंब पसरून काचपट्टी केली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली. एका नजरेत वीसेक प्लेटलेट दिसायला हव्यात तिथं चाळीसच्या आसपास दाटीवाटीनं बसल्या होत्या. काचपट्टीला खोटं बोलायचं काही कारण नसतं.

पुढचे पंधरा दिवस तिनं मागच्या वर्षीच्या पावसाळ्यापासूनच्या प्रत्येक पेशंटला फोन केला, चूक सांगितली, फुकट तपासणी करून नवे रिपोर्ट दिले, डॉक्टर शरद यांच्यापुढं जाऊन मान खाली घालून उभी राहिली. शरम वाटली, पण शरमेनं माणूस मरत नाही. बापाचं काय होणार, एवढा एकच प्रश्न तिला रात्रंदिवस कुरतडत होता.

बेळगावला रक्ताच्या डॉक्टर कल्याणी यांच्याकडे ती आप्पांना घेऊन गेली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कधीपासून वाढल्यात? जुने रिपोर्ट?"

रिपोर्ट नव्हते. घरच्या माणसाचं रक्त, ते कशाला कुठं नोंदवायचं. पण मशीनमध्ये, कुठल्या तारखेला आकडा किती खाली ओढला, त्याची यादी होती. सुनयनानं ती छापून आणली होती. त्यावरनं उलटं गणित मांडलं की आप्पांचा खरा आकडा निघत होता. तिनं तो कागद टेबलावर ठेवला. चौदा महिने. सव्वातीन, साडेतीन, चार, साडेचार, पाच, पावणेसहा, एकदाही खाली न येता.

कल्याणीबाईंनी यादी वाचली, मग तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे प्रत्येक वेळी तुम्ही..."

"व्हय मॅडम."

बाई तेवढ्यावरच थांबून आप्पांकडे वळल्या, त्याबद्दल सुनयना त्यांची जन्मभराची ऋणी राहील.

"हे बघा," त्या आप्पांना म्हणाल्या, "प्लेटलेट वाढायच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे शरीरात दुसरंच काही बिघडलेलं असतं. लोह कमी, कुठं पू, संधिवातासारखी सूज, कधी लपलेली गाठ. त्यापायी त्या वाढतात. मूळ दुखणं गेलं की खाली येतात, आणि त्यांचा स्वतःचा त्रास सहसा नसतो. दुसरी तऱ्हा म्हणजे हाडाच्या आत रक्त तयार करणारा मगजच मनानं जास्त बनवत सुटतो. तिथं रक्ताची गाठ होऊन नस बंद पडायची भीती. आकड्यावरनं कुठली तऱ्हा ते कळत नाही. पहिली तऱ्हा जास्त जणांत असते, म्हणून आधी ती शोधायची. काका, डोकं दुखतं? हात लुळा पडतो? डोळ्यापुढं अंधारी?"

"काय न्हाय," आप्पा म्हणाले. "लई झ्याक हाय मी."

तपासणी झाली. शरीरातलं लोह तळाला गेलेलं. खोदून विचारल्यावर आप्पांनी कबूल केलं की मूळव्याधीतनं दोनेक वर्षं अधूनमधून रक्त जातंय. ही काय बाईमाणसांपुढं बोलायची गोष्ट आहे का, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतनं तपासणी झाली. गाठ नव्हती, मूळव्याधच होती. सुनयनाला इतका आनंद झाला की तिनं येताना पेढे घेतले. मूळव्याधीचं असं स्वागत निपाणीत आजवर कुठल्या घरात झालं नसेल. आई, सोनुबाई, पेढा हातात धरून विचारत राहिली की नक्की कशाबद्दल खायचा.

तीन महिने लोहाच्या गोळ्या. मूळव्याधीवर इलाज झाला, रक्त थांबलं. सुनयना रोज स्वतःच्या हातानं गोळी द्यायची. हिमोग्लोबिन वर आलं, लोह भरलं, सूज दाखवणारी तपासणी स्वच्छ. आप्पांच्या गालावर तजेला आला. शेवटी रक्त मोजलं. आता कंट्रोलची बाटली रोज सकाळी लावली जात होती, मशीनवर शंका घ्यायला जागा नव्हती.

प्लेटलेट सहा लाख नव्वद हजार.

सुनयनाला वाटलं, मशीनला एक लाथ घालावी आणि आकडा पुन्हा खाली ओढावा. चौदा महिने ओढलाच होता की.

कल्याणीबाईंनी मग जॅक-टू नावाच्या जीनमधल्या बदलाची तपासणी बेंगळूरला पाठवली, आणि आप्पांच्या कमरेच्या हाडातनं मगजाचा तुकडा काढला. आप्पा पालथे पडून, वखारीत पोती कशी उचलायची ते डॉक्टरांना समजावत होते. रिपोर्ट आले. जॅक-टूमध्ये बदल सापडला. मगजात प्लेटलेट बनवणाऱ्या मोठ्या पेशी गर्दी करून होत्या. दुसरी तऱ्हा. कमी लोह खरं होतं, पण ते शेजारी राहायला आलेलं वेगळंच दुखणं होतं.

"इसेन्शियल थ्रॉम्बोसायथिमिया," बाई म्हणाल्या. "नाव मोठं, आजार संथ. मोडतो कर्करोगाच्याच जातकुळीत, पण नीट औषध घेतलं तर माणसं वर्षानुवर्षं आरामात जगतात. काका, साठीच्या पुढचं वय आणि हा जीनचा बदल, म्हणजे रक्ताची गाठ व्हायचा धोका जास्त. रक्त पातळ राहायला अॅस्पिरिनची लहान गोळी, मूळव्याधीतनं रक्त थांबलंय म्हणून देता येते. आणि आकडा खाली आणायला हायड्रॉक्सीयुरिया. मात्र वरचेवर रक्त तपासावं लागेल. आता एकदा शेवटचं विचारते, नीट आठवून सांगा. हात, पाय, बोलणं, डोळे. कधीच काही झालं नाही?"

आप्पांनी सुनयनाकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं.

"एकदा झालतं," ते म्हणाले. "डेंग्यूच्या आधी. कोगनोळीला पाव्हण्यांकडं गेलतो. जेवताना डाव्या डोळ्याम्होरं पडदा पडल्यागत झालं. काय दिसंना. पाच-धा मिन्टं. मग आपसूक गेलं."

कल्याणीबाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, ती रक्ताची गाठच होती. डोळा परत आला हे नशीब. तीन महिन्यांपूर्वी हे सांगितलं असतं तर मी लोह भरायची वाट बघत बसले नसते. कुणालाच का नाही सांगितलं?"

"त्याच आठवड्यात हिनं रक्त बघितलतं की. म्हणाली, आप्पा, अगदी नॉर्मल." आप्पांनी हात उलटा केला. "लेक नॉर्मल म्हणती, मग डोळ्याचं काय ऐकायचं? म्हटलं, डोळाच चुकला आसंल."

"आणि मी इथं विचारलं तेव्हा?"

"तवा ही आधीच लई रडलती. घरात जेवत न्हवती. त्यात आनी हे कसं सांगायचं हिच्या म्होरं?"

सुनयना उठली. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला. ती बाहेरच्या बाकाजवळ जाऊन उभी राहिली आणि तोंडात ओढणी कोंबून रडली. चार-पाच पेशंट बघत होते, बघू देत. दार अर्धवट उघडं होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं.

"तिचं काय चुकलं न्हाय मॅडम," आप्पा आत समजावत होते. "पोरगीनं बरोबरच लावलतं. माझंच रक्त बदललं."