दीड आणि वर्गमूळ तीन

ज्या उन्हाळ्यात मोहियोद्दीन सरांच्या थोरल्या मुलीचा, सदफचा, निकाह देगलूरला त्यांच्या घरासमोर झाला, त्या २०२४ सालच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मंडप उतरून चार दिवस झाले नव्हते. हातावरचा अत्तराचा वास गेला नव्हता, तोच सर नांदेडला पेपर तपासायला येऊन बसले. बी.एस्सी. पहिल्या वर्षाचं गणित. एका कॉलेजचा लांबडा हॉल, दोन कूलर, आणि कूलरातल्या शिळ्या पाण्याचा शेवाळी वास.

सर नायगावच्या कॉलेजात तीस वर्षं गणित शिकवत आलेले. तपासण्यात हात बसलेला. समोर छापील उत्तरसूची ठेवायची, सूचीत आहे ते वहीत दिसलं की टिक, नाही दिसलं की फुली. तीन दिवसांत एकशे चाळीस वह्या झाल्या.

एकशे एक्केचाळिसावीनं घात केला.

प्रश्न सहा मार्कांचा होता. x वर्ग या फलनाचं शून्य ते तीन या अंतरावरचं सरासरी मूल्य काढा, आणि फलन ते मूल्य कोणत्या बिंदूला घेतं ते सांगा. मूल्याला दोन मार्क, बिंदूला चार. सूचीत मूल्य होतं तीन आणि बिंदू दीड. या पोराचं, नाहीतर पोरीचं, मूल्य तीनच होतं. बिंदू मात्र वर्गमूळ तीन. सरांनी सवयीनं फुली मारली. मग खाली बारीक अक्षरात लिहिलेली ओळ दिसली.

‘पडताळा: दीडचा वर्ग सव्वादोन येतो, तीन नाही. म्हणून दीड घेतला नाही.’

सरांच्या हातातला लाल पेन थांबला. कुणी भर बाजारात टोपी उडवावी तसं झालं. दीडचा वर्ग सव्वादोन, हे तर चौथीतलं पोर सांगेल. अन् सरासरी मूल्य तर आपण तीस वर्षं शिकवत आलो. वर्गात ते रानाचं उदाहरण द्यायचे. उंच-सखल उताराचं रान आहे, ट्रॅक्टर लावून सपाट केलं. माती तेवढीच राहिली, फक्त सारखी पसरली. सपाट झाल्यावर जी उंची आली ती सरासरी. आता मूळ उतार जर कुठं तुटलेला नसेल, तर त्या उतारावर ती उंची आधीच कुठंतरी असलीच पाहिजे. ती जागा शोधायची, बस्स.

अन् त्याच मोहियोद्दीननं एकशे चाळीस वह्यांत दीड शोधला होता. त्यांना स्वतःचीच शिसारी आली. गठ्ठा सोडला. मागं जाऊन मोजलं. अकरा जणांनी वर्गमूळ तीन लिहिलं होतं, अकराही जणांवर आपल्याच हाताची फुली. या बाराव्या वहीची बेरीज केली तर तेरा. पास व्हायला सोळा लागत होते. ते चार मिळाले तर सतरा.

शेजारी लोह्याची तनुजा बसली होती. एकेकाळची त्यांचीच विद्यार्थिनी, आता तासिकेवर शिकवते.

“तनुजा, हे बघ गं. बिंदू कुठला?”

तिनं एका नजरेत पाहिलं. “वर्गमूळ तीन. मला पहिल्या दिवशीच दिसलं, सर.”

“मग बोलली न्हाईस?”

“जुलैत माझी कायम नोकरीची मुलाखत हाय. पॅनलवर व्यंकटराव सर हायेत.” ती खाली बघून म्हणाली, “तुम्ही बी तीन दिवस फुल्याच मारून राहिलेत की.”

वही उचलून सर हॉलच्या टोकाला गेले.

व्यंकटराव या पेपरचे प्रमुख. पेपर त्यांनीच काढलेला, सूचीही त्यांचीच. समोर एका वहीवर मिरचीभजी ठेवून खात होते. तेल वहीच्या पुठ्ठ्यातून आत झिरपत होतं. त्याच तेलकट अंगठ्याला थुंकी लावून ते पानं उलटत.

“या मोहियोद्दीनभाई! पोरीच्या लग्नाचा लाडू कुठाय?”

“लाडू देतो. आधी हे बघा. सूचीतला बिंदू चुकलाय.”

“कसा चुकंल? मीन व्हॅल्यू थिअरम लावलाय. शून्यापासून तीनपर्यंत फलन नऊनं चढतं. नऊ भागिले तीन, तीन. फलनाचा उतार दोन c. दोन c बरोबर तीन, c दीड. झालं की!”

“ते उताराचं झालं. दीडला फलनाचा उतार तीन हाय, कबूल. पण विचारलंय काय? फलन स्वतः तीन कुठं होतं? सरासरी मूल्य म्हणजे आलेखाखालचं क्षेत्र भागिले लांबी. क्षेत्र नऊ, लांबी तीन, म्हणून तीन. थिअरम लावायचाच तर त्या क्षेत्राला लावा. शून्यापासून x पर्यंतचं क्षेत्र x घन भागिले तीन. त्याचा उतार म्हणजेच x वर्ग. तो तीन कधी? वर्गमूळ तीनला. तुम्ही क्षेत्राला लावायचं ते x वर्गालाच लावून बसलात.”

“दोन्हीकडं तीनच आलं ना?”

“ते या एका उदाहरणात योगायोगानं आलं. शून्य ते दोन घेतलं असतं तर क्षेत्राची सरासरी चार तृतीयांश अन् उताराची दोन आली असती. तवाच उघडं पडलं असतं.”

व्यंकटरावांनी भज्याचा तुकडा चावला. कळलं होतं त्यांना. कळल्यावर माणसाचा चेहरा उजळतो. यांचा नुसता बंद झाला.

“भाई, लातूरच्या केंद्रावर याच सूचीनं हजारभर वह्या झाल्यात. आता बदल म्हणलं की मला परीक्षा विभागाला लिहून द्यावं लागंल, की पेपर काढणाऱ्याला गणित येत न्हाई. असं करू. बिंदूला सगळ्यांना दोन देऊन टाका. बरोबरला बी दोन, चुकलेल्याला बी दोन. चाराची सरासरी. कुणाची बोंब न्हाई.”

सरांनी वही उघडून त्यांच्या पुढ्यात धरली.

“व्यंकटराव, सरासरी कुठंतरी असतीच, हे न तुटलेल्या उतारावर खरं. हितं पायरी हाय. एकीकडं बरोबर, एकीकडं चूक. चार न्हाईतर शून्य. दोन कुणाच्याच वाट्याचे न्हाईत. अन् ह्या वहीला दोन दिले तर पंधरा होतात. बरोबर लिहून नापास!”

“एका पोरापायी एवढं?”

“पोरानं पडताळा केला. आपण दोघांनी केला न्हाई.”

“मग तुमच्या गठ्ठ्याचं तुम्ही बघा. सूची बदलणार न्हाई. अन् पुढल्या वर्षी बोलावणं न्हाई आलं तर माझ्या नावानं बोटं मोडू नका.”

सर जागेवर आले. बाराही वह्यांतली फुली खोडली, चार मार्क दिले, प्रत्येक खाडाखोडीला सही केली. मग दीडवाल्यांच्या टिका आल्या. ती पोरं दीड लिहायला कुणाच्यातरी वर्गातच शिकली होती. तरी खोडल्या. तनुजानं आपला गठ्ठा उघडला, थोडा वेळ तसाच धरला, आणि परत बांधला. सरांनी तिच्याकडं पाहिलं नाही. बाराव्या वहीवर सतरा लिहिले आणि ती गठ्ठ्यात सरकवली. नाव झाकलेलं होतं. पोर कुठलं, कधी कळलं नाही.

संध्याकाळी नळाखाली त्यांनी साबणानं दोनदा हात धुतले.

लातूरच्या वह्यांसाठी त्यांनी परीक्षा विभागाला दोन पानी अर्ज लिहिला. x घन भागिले तीनपासून सगळं मांडलं, खाली तो पडताळा तसाच उतरवला. पोहोच मिळाली. लातूरचा निकाल लागला तो सूचीप्रमाणेच. पुढच्या उन्हाळ्यात तपासणीच्या यादीत सरांचं नाव नव्हतं. तनुजाचं होतं, आणि व्यंकटराव पुन्हा प्रमुख होते. सरांनी आणखी दोन स्मरणपत्रं टाकली. एकाचंही उत्तर आलं नाही.

मोहियोद्दीन सर १९ ऑगस्ट २०२५ रोजी, मंगळवारी सकाळी, देगलूरला राहत्या घरी वारले.