मुखरूभाऊची बुडी

वॉर्डात शिरले, तर मनकर्णाबाई नवऱ्याला फुंकायला लावत होत्या.

"फुका जी, जोरानं फुका! चुलीले नाई का फुकत मी?"

आणि मुखरूभाऊ बिचारे डोळे मिटून फुंकत होते. श्वास आत ओढायचं तीन गोळ्यांचं यंत्र मी आदल्या दिवशी दिलं होतं. ते उलटं धरून फुंकलं की गोळ्या वर जातात, हा शोध बाईंनी स्वतःच लावला होता. गोळ्या चढल्या की बाई खूश व्हायच्या, आणि भाऊ आणखी निळसर दिसायचे.

माझं डोकं सटकलं. मी नंदिनी, चंद्रपूरच्या या दवाखान्यातली फिजिओथेरपिस्ट. माझा आवाज जिन्यापर्यंत जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

"बाई, फुंकायला कोणी सांगितलं?"

"तुमीच म्हनलं ना मॅडम, गोळ्या वर गेल्या पायजे."

गोळ्या वर गेल्या पाहिजेत, एवढंच त्यांच्या ध्यानात राहिलं होतं. श्वास आत ओढून, हे राहिलं नव्हतं. जन्म फुंकणीवर गेलेल्या बाईला नळी दिली, तर ती फुंकणारच.

मुखरूभाऊ सिंदेवाहीकडचे ढिवर, तलावात मासे धरणारे. जठराला भोक पडलं म्हणून पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन चांगलं झालं, पण टाके दुखतात आणि तुटतील या भीतीनं माणूस चिमणीसारखा श्वास घेत होता. सकाळच्या एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात पांढरा पट्टा दिसत होता. तिथली एक नळी घट्ट कफाच्या बेडक्यानं बुजली होती आणि तिच्या पुढचे हवेचे फुगे मिटले होते. बोटावरचा ऑक्सिजनचा आकडा उतरत चालला होता. आमचे सर्जन अश्विन सर राउंडला सांगून गेले होते, "संध्याकाळपर्यंत बघतो. नाही सुधारलं तर नागपूरला हलवू, कदाचित मशीनवर ठेवावं लागेल."

नागपूर म्हटल्यावर मनकर्णाबाईंचा चेहराच उतरला. थोरल्या दिराला असंच नागपूरला नेलं होतं. आणलं ते चादरीत गुंडाळून.

"मॅडम, याहिले नागपूरले नोका जाऊ देऊ. मी पाया पडतो."

"पाया नका पडू. यंत्र सरळ धरा आणि माझं ऐका."

भाऊंनी नुकतंच दुखणं कमी करायचं इंजेक्शन घेतलं होतं, हीच वेळ होती. त्यांना डाव्या कुशीवर वळवलं, म्हणजे आजारी उजवी बाजू वर येऊन मोकळी फुलेल. मग मी दोघांनाही समजावलं.

"भाऊ, जाळं विणता ना? जाळ्याचा एकच डोळा एकटा मिटतो का?"

"कसा मिटंन?" भाऊ अडखळत बोलले. "बाजूचे डोरे... तानून धरते ना त्याले."

"फुप्फुस तसंच असतं. बारीक बारीक फुगे, आणि दर दोन फुग्यांत भिंत एकच. एक मिटायला लागला की शेजारचे भिंत ओढून धरतात. पण जाळं ताणलेलं असेल तोवर. तुम्ही उथळ श्वास घेता, जाळं सैल पडतं. फुंकून हवा काढून टाकली की आणखी सैल. मग शेजारचेही मिटतात, आणि ओढून धरायला कोणी उरत नाही."

मनकर्णाबाईंनी तोंडाला पदर लावला. "म्हंजे मीच..."

"तुम्ही जीव तोडून सेवा केली, दिशा तेवढी चुकली." मला ते मनापासून वाटलं, म्हणून म्हटलं. "आता ऐका. बुजलेल्या नळीतून हवा जात नाही. पण शेजारच्या फुग्यांच्या भिंतींना बारीक वाटा असतात. शेजारी पुरते भरले, तर त्यांच्यातून हवा हळूहळू या मिटलेल्यात झिरपते."

बाईंनी जरा विचार केला. "धानाच्या बांधीवानी. पाट बुजला तरी खेकड्याच्या बिळातून बाजूच्या बांधीतलं पानी येतेच."

"अगदी तसंच! पण झिरपायला वेळ लागतो. म्हणून श्वास सावकाश भरायचा आणि आत धरून ठेवायचा. बेडक्याच्या मागे हवा साठली, की खोकल्यानं तीच त्याला बाहेर ढकलते. मागे हवाच नसेल, तर नुसतं खोकून काय होणार?"

समजलं सगळं, जमलं काहीच नाही. भाऊ श्वास घ्यायचे, टाक्यापर्यंत कळ गेली की अर्ध्यातच सोडून द्यायचे. मी "धरा, धरा" म्हणून ओरडत राहिले. पाचव्यांदा त्यांनी मानच फिरवली. "राहू द्या मॅडम. नाई होत."

दुपार कलत होती. मला राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही दाखवायची सोय नव्हती.

तेवढ्यात मनकर्णाबाई पुढे सरकल्या. घडी केलेली चादर नवऱ्याच्या टाक्यांवर ठेवून तिच्यावर दोन्ही हात दाबले. माझ्याकडे पाहिलंही नाही.

"अवो," त्या हळूच म्हणाल्या, "तलावाच्या पाळीवर, कडेले उभे आहो आपन. मोठ्या दगडापाशी. खाली मरळ बसली आहे."

भाऊंचे डोळे उघडले.

"बुडी माराची हाय. भरा छाती. घाई नोका करू, सावकास भरा, तुमी नेहमी भरता तसे."

आणि भाऊंनी श्वास भरला. नाकातून, सावकाश. छाती उचलली, बरगड्या फाकल्या. तोंड कळवळलं, तरी सुटला नाही. हाच माणूस आयुष्यभर बुडी मारून हातानं मासे धरत आला होता, आणि मी त्याला प्लास्टिकच्या गोळ्या दाखवत बसले होते.

"आता गेले खाली. धरून ठेवा. पाय चिखलाले लागले... दगडाच्या बुडाशी हात घाला... हाय तिथीच हाय, हलू नोका... कल्ल्यात बोट घाला... धरली! या वर!"

श्वास सुटला, तशी मी चादर दाबायला हात लावला. "खोका!"

कोरडा ठसका आला, नुसता.

"मरळ सुटली," बाई म्हणाल्या. "पुन्ना जाऊ."

पुन्हा गेले, आणि पुन्हा. मध्ये मी त्यांना दम घेऊ देत होते, चक्कर यायला नको म्हणून. शेजारच्या खाटेवरचा हर्नियावाला लालबुंद होऊन श्वास धरून बसला होता, त्याला मी रागावले. कितव्या तरी बुडीत खोकल्याचा आवाज बदलला. आतून ओला, खरखरीत आवाज आला, आणि भाऊंनी वाटीत घट्ट पिवळा बेडका टाकला. मी पाठीवर स्टेथोस्कोप लावला. सकाळी जिथे काहीच ऐकू येत नव्हतं, तिथे हवा शिरत होती. बारीक चुरचूर होत मिटलेले फुगे उघडत होते. माझे डोळे भरून आले, आणि भरले तर भरले.

संध्याकाळी अश्विन सरांनी नवा एक्स-रे उजेडाला धरला. पट्टा पुरता गेला नव्हता, पण विरळ झाला होता, आणि आकडाही चढला होता. "नागपूर नको," ते म्हणाले. "काय केलं तेच चालू ठेवा."

निघताना मी मनकर्णाबाईंना विचारलं, "बाई, सोडायची वेळ तुम्हाला बरोबर कशी कळत होती? घड्याळ तर नाही तुमच्याकडे."

त्या नवऱ्याच्या अंगावर चादर सारखी करत होत्या.

"लगन झाल्यापासून पाळीवर उभी राहतो ना मी, मॅडम. हे बुडाले का मीबी श्वास धरो. हे वर आले का मंग सोडो." त्यांनी यंत्र सरळ करून उशाशी ठेवलं. "आतापरेंत कधी मी आंधी सोडला नाई."